'माय लास्ट डचेस'मधला ड्यूक खून कबूल करतो, ते नक्की कुठल्या ओळीत?

मधुरा_ठाणे (शनिवार, रात्री 10:20)

आमच्या सोसायटीत सहा जणींचा वाचनगट आहे. महिन्याला एक कविता आणि चहा. या वेळी माझी पाळी होती म्हणून कॉलेजात अभ्यासाला असलेली रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' काढली. 56 ओळींची आहे, तासाभरात होईल असं वाटलं होतं. झालं भांडण.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: इटलीतला एक ड्यूक पाहुण्याला वाड्याच्या वरच्या मजल्यावर घेऊन आलाय. एका चित्रावरचा पडदा बाजूला करून म्हणतो, ही माझी आधीची डचेस, जिवंत असल्यासारखी दिसते. बसा, बघा. मग तिच्याबद्दल बोलत सुटतो. ती कशानेही खूश व्हायची, कुणालाही बघून हसायची वगैरे. शेवटी कळतं की पाहुणा म्हणजे एका काउंटचा माणूस, त्या काउंटच्या मुलीशी ड्यूकचं लग्न जुळवायला आलेला. दोघं खाली जायला निघतात, ड्यूक जाता जाता एक ब्राँझचा पुतळा दाखवतो आणि कविता संपते. सगळी कविता ड्यूकच्याच तोंडी आहे, पाहुण्याचा एक शब्द नाही.

माझं पहिलं वाचन (हसू नका) असं होतं की बिचारा बायकोच्या आठवणीत बोलतोय. दोघीजणी उसळल्या, "अगं, त्यानेच मारलंय तिला!" मी म्हटलं, ओळ दाखवा. कुणालाच नेमकं बोट ठेवता येईना. "मी हुकूम दिले; मग सगळं हसणं एकदम थांबलं" एवढंच आहे. यातून खून काढायचा म्हणजे आपल्या मनातलं कवितेत घुसडणं नाही का? बोलणारा जे सांगतच नाही ते वाचायचं कसं? आणि ते सापडलं की आपणच ठेवलं, हे ओळखायचं कसं?

इतिहासवेडा (शनिवार, रात्री 10:51)

सोपं आहे. हा ड्यूक म्हणजे फेराराचा अल्फोन्सो दुसरा. कवितेच्या शीर्षकाखाली 'फेरारा' असं लिहिलेलंच आहे. 1558 मध्ये त्याचं लग्न मेदिची घराण्यातल्या लुक्रेझियाशी झालं, 1561 मध्ये ती वारली, वय जेमतेम 16. त्याने विष घातलं. पुढे 1565 मध्ये दुसरं लग्न, ऑस्ट्रियाच्या बार्बराशी. ज्या फ्रा पँडॉल्फने चित्र काढलं तोही त्याच्याच दरबारातला चित्रकार. त्यामुळे खून झाला हे ऐतिहासिक सत्य आहे, ओळी शोधत बसायची गरज नाही.

दत्ता_इस्लामपूर (शनिवार, रात्री 11:15)

कविता वाचलेली नाही, पण ताईंनी सांगितलेली गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरात असंच झालं होतं. नंतर लिहितो, आता मोबाईलची बॅटरी संपत आलीय.

निवृत्त_मास्तर (रविवार, सकाळी 7:05)

मधुराताई, तुमचं पहिलं वाचन हसण्यासारखं अजिबात नाही. ड्यूकला तुम्ही तसंच वाचावं असं वाटतं. तुम्ही त्याच्या बोलण्यात आलात, म्हणजे कविता व्यवस्थित चालतेय.

इतिहासवेडा, तारखा बरोबर. बाकीचं जरा सांभाळून. विषाची वदंता खरी, पण लुक्रेझिया क्षयाने गेली असावी असंच अभ्यासक मानतात. फ्रा पँडॉल्फ आणि पुतळा घडवणारा इन्सब्रुकचा क्लाउस ही दोन्ही माणसं ब्राउनिंगने रचलेली आहेत, फेराराच्या दरबारात शोधू नका. बार्बरा तर सम्राटाची मुलगी, काउंटची नव्हे. शिवाय 1842 मध्ये ही कविता पहिल्यांदा छापली तेव्हा तिचं शीर्षक नुसतं 'इटली' असं होतं. म्हणजे त्या वाचकाला फेरारा माहीत नसतानाही ड्यूक कळायला हवा होता. इतिहासाकडून खून आयता घेतला की कविता वाचायचं राहूनच जातं.

आता मूळ प्रश्न. मी विद्यार्थ्यांना एक सांगायचो: खुनाचं तूर्त विसरा. आधी विचारा, हा माणूस या क्षणी काय काम करायला उभा आहे? लग्नाची बोलणी चालू आहेत. समोर मुलीकडचा माणूस आहे. हुंडा ठरायचाय. अशा वेळी पहिल्या बायकोबद्दल काय बोलणं सोयीचं? "बिचारी लवकर गेली, देवाची इच्छा." संपलं. या कामाला जेवढं लागतं त्याच्यापेक्षा जास्त तो जिथे जिथे बोलतो, तिथे पेन्सिलीने खूण करायची. माझ्या जुन्या प्रतीत जवळजवळ तीस ओळींना खूण आहे!

पहिली खूण तिसऱ्या ओळीपासूनच. तो चित्रकाराचं नाव घेतो आणि लगेच म्हणतो, "फ्रा पँडॉल्फ हे नाव मी मुद्दाम घेतलं." पाहुण्याने विचारलेलं नाही. मग मुद्दाम का? कारण तिच्या चेहऱ्यावरची ती नजर पाहिली की प्रत्येक जण ड्यूककडे वळतो, ही नजर इथे कशी आली, असं विचारावंसं वाटल्यासारखा. 'फ्रा' म्हणजे मठातला संन्यासी. म्हणजे बाबा रे, समोर कोणी छैलछबिला बसला नव्हता, साधू होता. आता बघा, पाहुण्याच्या मनात संशय होता की नव्हता ते आपल्याला ठाऊक नाही, पण ड्यूकच्या मनात तो किती वर्षं घर करून आहे ते कळलं. त्याच वाक्यात आणखी एक बारीक गोष्ट निसटते. लोक मला विचारतील, "धाडस झालं तर". म्हणजे माणसं या माणसाला घाबरतात आणि त्याला ते ठाऊक आहे. हे त्याला सांगायचं नव्हतं, वाक्याच्या ओघात आलं.

मधुरा_ठाणे (रविवार, सकाळी 9:30)

सर, 'फ्रा' चा अर्थ मला माहीतच नव्हता! मी ते आडनावासारखं वाचत होते. पण मग पुढे तो म्हणतो की तिच्या गालावर ती लाली आणायला नवऱ्याचं समोर असणंच लागत नव्हतं. हा मत्सर उघडच आहे ना, यात नकळत काय?

निवृत्त_मास्तर (रविवार, सकाळी 10:12)

मत्सर उघड आहे, बरोबर. पण मत्सर कशाचा ते बघा. आरोपपत्र वाचतो तसा तो भाग वाचा. आरोपी ही बाई. गुन्हे कोणते? छातीवर लावलेली माझी भेटवस्तू, पश्चिमेला मावळणारा दिवस, कुणा आगाऊ मूर्खाने बागेतून तिच्यासाठी तोडून आणलेली चेरीची फांदी, आणि गच्चीवर ती ज्यावर बसून फेऱ्या मारायची ते पांढरं खेचर. या चारही गोष्टींवर ती सारखीच खूश व्हायची. हे गुन्हे.

आता ड्यूकचा आवाज काढून टाका आणि नुसत्या वस्तू ठेवा. मावळतीचं ऊन, चेरी, खेचर. एक मुलगी दिसायला लागते की नाही? ती कवितेत एक शब्द बोलत नाही, आणि तिच्याबद्दल बोलणारा एकमेव माणूस तिचा वैरी आहे. तरी आपल्याला ती त्याच्यापेक्षा जास्त आवडते. तक्रार करताना पुरावा द्यावाच लागतो, आणि पुरावा आपल्या हाती पडला की त्याचा निकाल आपण आपला लावतो. ड्यूकच्या हिशेबात हे येत नाही.

आणि या यादीत सूर्यास्त आहे, हे विसरू नका. चित्रकाराचा किंवा चेरीवाल्याचा मत्सर समजू शकतो. मावळत्या दिवसाचा मत्सर करणाऱ्याला दुसरा पुरुष नको आहे असं नाही, त्याला दुसरं काहीच नको आहे.

आर्याची_आई (रविवार, सकाळी 10:40)

नमस्कार. माझ्या मुलीची आंतरशालेय स्वगत स्पर्धा आहे, इयत्ता आठवी, वेळ चार मिनिटं. ही कविता मराठीत मिळेल का? पाठ करायला सोपी आहे का? वेशभूषा काय करावी?

नीता_रंगमंच (रविवार, सकाळी 11:02)

@आर्याची_आई, आठवीच्या मुलीला हा ड्यूक नका देऊ. त्यापेक्षा दिवाकरांची एखादी नाट्यछटा घ्या, चार मिनिटांत बसते. आणि ते विषयाबाहेरचंही नाही. दिवाकरांना, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांना, नाट्यछटेची कल्पना ब्राउनिंगच्या या असल्या कवितांवरूनच सुचली होती. 1911 पासून ते लिहायला लागले. तिथेही एकच माणूस बोलतो, समोरच्याचं आपल्याला ऐकू येत नाही, पण "काय म्हणालात?" वरून ते कळतं. मुलीला एवढंच शिकवा, की समोरचा माणूस कुठे बसलाय ते आधी ठरव आणि प्रत्येक वाक्याआधी त्याने काय केलं ते मनात बघ.

बाय द वे, म्हणूनच मला 'स्वगत' हा शब्द इथे खटकतो. स्वगत म्हणजे हॅम्लेट. एकटा आहे, स्वतःशी बोलतोय, खोटं बोलायचं कारण नाही. इथे समोर माणूस आहे आणि त्याच्यावर छाप पाडायची आहे. एसटीत शेजारचा फोनवर बोलत असतो आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येते, तसं.

आर्याची_आई (रविवार, सकाळी 11:20)

धन्यवाद ताई. वेशभूषा?

नीता_रंगमंच (रविवार, सकाळी 11:24)

नाट्यछटा निवडलीत की सांगते :)

दत्ता_इस्लामपूर (रविवार, दुपारी 1:50)

हां, आता लिहितो. थोरल्या बहिणीचं स्थळ बघायला मामा आणि मी गेलो होतो, वीसेक वर्षं झाली. मुलगा बिजवर, पण घर मोठं, मळा, दोन विहिरी. माझं वय तेव्हा सतरा, मला तर लई आवडलं. चहा झाल्यावर त्यांनी भिंतीवरचा पहिल्या बायकोचा फोटो दाखवला, हार घातलेला. म्हणाले, "मनमिळाऊ होती बरं का. जरा जास्तच. भाजीवाला आला तरी त्याच्याशी हसून बोलत उभी राहायची." आणि लगेच विहिरीवरची नवी मोटर दाखवायला घेऊन गेले.

परत येताना एसटीत मामा म्हणाला, इथं पोरगी द्यायची नाही. मी विचारलं, का? घर तर चांगलं हाय. मामा म्हणाला, "जरा जास्तच" म्हणाला तो. मेलेल्या बायकोचं हसणं ज्याला अजून जास्त वाटतंय, त्याच्या घरात जित्या पोरीनं कसं वागायचं? तो माणूस वाईट होता की नाही ते आम्हाला कधीच कळलं नाही. बायको आजारानं गेली होती म्हणे. पण मामानं नाही म्हणून कळवलं.

निवृत्त_मास्तर (रविवार, दुपारी 2:35)

दत्ताभाऊ, तुमच्या मामांच्या पाया पडावंसं वाटतंय. ड्यूकचं वाक्य जवळजवळ हेच आहे. "तिचं काळीज, कसं सांगू, फार लवकर आनंदायचं, फार सहज भाळायचं." दोन्हीकडे 'फार'. 'फार' म्हणजे कशापेक्षा फार? कुठेतरी एक माप असल्याशिवाय 'जास्त' म्हणता येत नाही, आणि ते माप बोलणाऱ्याच्या खिशात असतं. आनंदी होती हे तिचं वर्णन, फार लवकर आनंदी व्हायची हे त्याचं.

आणि मोटरीचं ऐकून मी चाट पडलो. ड्यूकही तेच करतो. बायकोचं संपवून जिन्याकडे निघताना तो पुतळा दाखवतो. समुद्रदेव नेपच्यून एका सागरी घोड्याला काबूत आणतोय. "दुर्मीळ मानतात बरं का, इन्सब्रुकच्या क्लाउसने ब्राँझमध्ये घडवलाय, माझ्यासाठी." मूळ कवितेचा अगदी शेवटचा शब्द 'मी' असा आहे. चित्र आणि पुतळा एकाच दमात, दोन्ही संग्रहातल्या वस्तू. नेपच्यून कशाला काबूत आणतोय ते तुम्हीच बघा, मी जास्त ताणत नाही.

प्राची_प (रविवार, दुपारी 4:10)

मला हे सगळं पटतंय, पण 'नकळत' या शब्दावर आक्षेप आहे. तुम्ही सगळे ड्यूकला बावळट धरून चालला आहात. समोर कोण आहे? पुढच्या बायकोच्या घरचा माणूस. तो परत जाऊन काय सांगणार? "बाईसाहेब, त्यांना हसणं आवडत नाही." ड्यूकला तेच पोचवायचं असेल तर? मग यात काहीच निसटलेलं नाही, ही सरळ धमकी आहे, अदबीने दिलेली. तो स्वतःच म्हणतो ना, तिला "हे चुकतंय, इथे जास्त होतंय" असं सांगत बसण्याइतका मी वाकत नाही. नव्या बायकोलाही स्वतः सांगायचं नाही, म्हणून मध्यस्थाकरवी सांगतोय.

निवृत्त_मास्तर (रविवार, संध्याकाळी 6:00)

प्राची, हा वाद जुना आहे आणि तुम्ही भक्कम बाजूला आहात. 1957 मध्ये बी. आर. जर्मन या समीक्षकाने ड्यूकला अक्कलशून्य ठरवणारा लेख लिहिला, आणि 1959 मध्ये लॉरेन्स पेरिनने त्याला धूर्त ठरवून उत्तर दिलं. मी स्वतः पेरिनच्या जवळ आहे. आपल्याला बोलता येत नाही म्हणणारा हा माणूस 56 ओळी एकदाही न अडखळता बोलतो. जिथे अडखळतो, "कसं सांगू?" म्हणतो, तिथे ते मला अडखळणं वाटत नाही, शब्द निवडतोय हे दाखवणं वाटतं.

पण धमकी मुद्दाम दिली हे मान्य केलं तरी नकळत उरतंच. धूर्त माणूस बातमी लपवू शकतो, आपली फूटपट्टी लपवू शकत नाही, कारण ती फूटपट्टी आहे हेच त्याला दिसत नसतं. "माझ्या नऊशे वर्षांच्या नावाची भेट ती कुणाही सोम्यागोम्याच्या भेटीच्या पंगतीला बसवायची." हे सांगताना त्याची खात्री आहे की ऐकणारा मान डोलावणार. अर्धी ओळ खर्च करून तो हुकूम दिल्याचं सांगतो, त्याचीही त्याला लाज नाही. गुन्हा निसटला असं मी म्हणणार नाही. त्याला तो गुन्हा वाटत नाही, हे निसटलं.

आणि 'वाकणं' पकडा. दहा ओळींत तीनदा येतं. असल्या क्षुल्लक गोष्टीवरून बोलायला कोण वाकेल, बोललो तरी ते वाकणंच, आणि मी कधीच वाकत नाही. ठीक. मग आत्ता तो काय करतोय? जे बायकोला एका वाक्यात सांगणं कमीपणाचं वाटलं, ते तो परक्या माणसाच्या नोकराला बसवून, सविस्तर, सूर्यास्तापासून खेचरापर्यंत सांगतोय. धूर्त असो नाहीतर मूर्ख, हे त्याला दिसलेलं नाही.

प्राची_प (रविवार, संध्याकाळी 6:25)

शेवटचा मुद्दा मानला. फूटपट्टीवाला अर्धाच. सोळाव्या शतकातला तो मध्यस्थ खरंच मान डोलावत असेल तर? नऊशे वर्षांचं घराणं त्याच्याही लेखी मोठंच होतं. मग ड्यूक "उघडा पडला" तो फक्त आपल्यापुढे, म्हणजे आपल्या काळाची फूटपट्टी लावून. मधुराच्या शब्दांत, घुसडलं.

इतिहासवेडा (रविवार, संध्याकाळी 6:40)

प्राचीला अनुमोदन. त्या काळात हे सर्रास होतं.

नीता_रंगमंच (रविवार, रात्री 8:15)

त्या मध्यस्थाने मान डोलावली का, हे कवितेत थोडंफार सापडतं असं मला वाटतं, पण मोठ्याने वाचल्याशिवाय नाही. मी काल रात्री तीनदा वाचली. एक, ही कविता यमकात आहे, दोन-दोन ओळींची, हे मला डोळ्यांना दिसेपर्यंत कानाला कळलंच नव्हतं! वाक्यं ओळीच्या शेवटी थांबतच नाहीत, पुढच्या ओळीत वाहत जातात. म्हणजे तो गप्पा मारतोय असं वाटतं आणि खाली काटेकोर साचा आहे. हे पात्र करताना मला हवं होतं ते नेमकं इथे मिळालं. आवाज चढवायचाच नाही.

दोन, मध्यस्थाच्या हालचाली मी ड्यूकच्या वाक्यांतून काढल्या. "बसून बघता का?" म्हणजे तो बसला. मग तो उत्तर देत नाही, वळून बघतो. "उठता का?" म्हणजे उठवावं लागलं. आणि मग, हुंड्याचं बोलून झाल्यावर, ड्यूक एकदम म्हणतो, "नाही नाही, आपण बरोबरच खाली जाऊ." कुणीही काही केल्याशिवाय माणूस "नाही नाही" म्हणत नाही. तो मध्यस्थ एकटाच निघाला असणार! म्हणजे पळतोय. पटलं नाही त्याला.

प्राची_प (रविवार, रात्री 8:30)

किंवा अदबीने मागे थांबला असेल. मालक पुढे, नोकर मागे, हा रिवाजच. मग ड्यूक मोठेपणा दाखवून म्हणतो, अहो चला बरोबर.

नीता_रंगमंच (रविवार, रात्री 8:34)

हं. तेही बसतं. वैताग आहे. :(

निवृत्त_मास्तर (रविवार, रात्री 9:05)

दोन्ही बसतं आणि मी दोन्ही शिकवलंय. नीताताई, तुमची पद्धत अगदी हीच हवी, ऐकणाऱ्याची प्रत्येक हालचाल बोलणाऱ्याच्या शब्दांतून काढायची. पण हालचाल कळली तरी तिचं कारण तिथे लिहिलेलं असतंच असं नाही. तिथे थांबायचं.

प्राची, आपल्या काळाची फूटपट्टी म्हणता, तर कवितेतच दुसरी फूटपट्टी आहे. तो चेरीची फांदी आणणारा "आगाऊ मूर्ख". त्याने ती फांदी का तोडली? फ्रा पँडॉल्फ तिच्या गळ्यावरच्या लालीचं कौतुक का करतो? ड्यूकच्या वाड्यात, ड्यूकच्याच काळात, तिला बघून आनंदणारी माणसं होती, आणि ती त्याच्याच तोंडून येतात. पण हे काही शेवटचं उत्तर नव्हे. रॉबर्ट लँगबॉमने 1957 मध्येच वेगळी अडचण मांडली होती. ड्यूक दुष्ट आहे एवढं ठरवून आपण कविता मिटवत नाही, त्याच्या रुबाबाने आपण भारले जातो, निकाल द्यायचं लांबवतो. तो रुबाब मला अजूनही, इतक्या वर्षांनी, थोडा आवडतो. हे माझ्याबद्दल काय सांगतं ते कृपया कुणी लिहू नये.

मधुरा_ठाणे (रविवार, रात्री 10:45)

सर :))

पण माझा पहिला प्रश्न राहिलाच की. खून?

निवृत्त_मास्तर (सोमवार, सकाळी 7:10)

ब्राउनिंगला त्याच्या म्हातारपणी हायरम कॉर्सन या अमेरिकन प्राध्यापकाने हाच प्रश्न विचारला होता. त्याने आधी सांगितलं की हो, तिला ठार करावं असेच ते हुकूम होते. मग जरा थांबून म्हणाला, किंवा तिला मठात डांबलंही असेल. कवीलाच पक्कं करायचं नव्हतं, नाहीतर जणू प्रश्न पहिल्यांदाच समोर आल्यासारखा तो विचार करत होता.

त्यामुळे तुमच्या मैत्रिणींना सांगा, खून पुराव्याने सिद्ध होत नाही. कवितेत दोनदा "जिवंत असल्यासारखी" येतं, त्यावरून ती जिवंत नाही असं वाटतं, पण जिवंत माणसाच्या चित्रालाही आपण असंच म्हणतो. सिद्ध होतं ते प्रमाण. तक्रारीला तीसेक ओळी, हुकुमाला अर्धी, परिणामाला अर्धी, आणि लगेच "उठता का?" तिचं काय केलं ते सांगायला त्याला तिच्या खेचराहून कमी शब्द लागले. मी बोट तिथे ठेवेन.

आणि शोधलं की घुसडलं यासाठी माझी एकच चाचणी. तुमचं म्हणणं खरं धरलं तर कवितेतला एखादा शब्द, जो आधी फालतू वाटत होता, तो कामाला लागतो का? 'मुद्दाम' हा शब्द संशयाशिवाय फालतू आहे, संशय धरला की कामाला लागतो. "नऊशे वर्षांचं" मधला आकडा अहंकाराशिवाय फालतू आहे. पण ड्यूकला बालपणी आईने दुर्लक्षिलं (हे मला एका ट्युटोरियलमध्ये खरंच वाचायला मिळालं होतं), तर त्याने कुठलाच शब्द हलत नाही. ते घुसडलेलं.

इतिहासवेडा (सोमवार, सकाळी 9:00)

मग क्लाउस इन्सब्रुकचाच का? इन्सब्रुक टायरोलमध्ये आहे आणि टायरोलच्या काउंटशी अल्फोन्सोच्या दुसऱ्या सासरचा संबंध होता. म्हणजे पुतळा दाखवणं ही मुलीकडच्यांची खुशामत असू शकते. शब्द कामाला लागला की नाही?

निवृत्त_मास्तर (सोमवार, सकाळी 9:40)

लागला! हे मात्र झकास. बाहेरचा इतिहास असा वापरायचा. पुतळा "माझ्यासाठी" घडवला, म्हणजे तुमच्याकडची माणसं माझ्यासाठी काम करतात, असंही वाचता येईल. खुशामत की उर्मटपणा ते मी ठरवू शकत नाही.

दत्ता_इस्लामपूर (सोमवार, दुपारी 12:20)

काल रात्री कविता वाचली, डिक्शनरी घेऊन. एक शंका. हुंड्याचं तो म्हणतो, "पुन्हा सांगतो, तुमच्या मालकाची दानत बघता माझी रास्त मागणी नाकारली जाणार नाही. अर्थात मुलगी हेच माझं उद्दिष्ट, हे मी सुरुवातीलाच बोललो." आमच्याकडं असं बोलणारा माणूस शंभर टक्के पैशासाठी आलेला असतो. आधी पैसा, मग 'अर्थात', मग मुलगी. मामा असता तर इथंच उठला असता.

प्राची_प (सोमवार, दुपारी 12:45)

दत्ताभाऊ, "पुन्हा सांगतो" वरून अजून एक. म्हणजे हे आधी बोलून झालंय. बायकोचं पुराण हुंड्याच्या दोन मागण्यांच्या मधोमध बसवलंय त्याने. यामुळे माझा धमकीचा मुद्दा पक्का होतो की सरांचा, ते मला आत्ता सांगता येत नाहीये.

मधुरा_ठाणे (बुधवार, रात्री 9:55)

आज गटात परत घेतली. नीताताईंचं ऐकून एक खुर्ची रिकामी ठेवली, मध्यस्थाची. मग आमच्यातल्या एकीने ड्यूक वाचला, आवाज न चढवता. "उठता का?" ला सगळ्या जणी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो, आणि खरं सांगते, कुणी उठलं नाही हे फार विचित्र वाटलं. गेल्या वेळी "ओळ दाखवा" म्हणणारी मी होते, या वेळी दुसरीच कुणी म्हणाली. बरं वाटलं.

एक अडलं. सुरुवातीला तो म्हणतो की हा पडदा माझ्याशिवाय कुणी सरकवत नाही. म्हणजे तिने कुणाकडे बघायचं हे आता तोच ठरवतो, एवढं आम्हाला कळलं. पण जाताना तो पडदा परत ओढतो का? कवितेत नाहीच ते. आमच्या ड्यूकने ओढला नाही, तशीच निघाली. दोघी म्हणाल्या ओढायलाच हवा.

नीता_रंगमंच (बुधवार, रात्री 10:10)

मी ओढला असता, "जिवंत असल्यासारखी" आणि "उठता का?" च्या मधे. त्या दोन वाक्यांत श्वास घ्यायला जागा आहे.

प्राची_प (बुधवार, रात्री 10:14)

मी उघडाच ठेवला असता. तो मध्यस्थ जिना उतरेपर्यंत तिने त्याच्या पाठीकडे बघत राहायला हवं.

निवृत्त_मास्तर (गुरुवार, सकाळी 6:50)

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही. पुढच्या वेळी ओढून बघा आणि काय बदलतं ते इथे लिहा.